पाऊस वाढला, पन्हळी तेवढ्याच राहिल्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर (जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने),
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका,
आणि शहराच्या हेरिटेज समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

दर मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. बोटी किती, निवारा केंद्रं कुठं, जयंती नाल्याची सफाई कुठवर आली, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, मग कुणाला कधी हलवायचं, सगळ्याची उजळणी होते. ती व्हायलाच हवी. पण त्या बैठकीत शहरातल्या जुन्या दगडी इमारतींचा विषय निघतो तो एकाच रूपात, धोकादायक इमारतींना दिलेल्या नोटिसांच्या आकड्यात. नोटीस भिंतीवर डकवली की फाइलपुरतं काम संपतं. ती भिंत धोकादायक झाली कशामुळे, हे त्या कागदावर कुठंही लिहिलेलं नसतं.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करणारा बांधकाम अभियंता आहे. काळा दगड, चुना, सागवान आणि मंगलोरी कौल यांतच माझी वर्षं गेली. पाऊस आपल्या बापजाद्यांच्या वेळेसारखा पडत नाही हे आता सगळेच मान्य करतात. मात्र या इमारतींतून पाणी बाहेर जायच्या ज्या वाटा होत्या, त्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपणच दुरुस्तीच्या नावाखाली बुजवल्या. हलक्या पावसात ते खपून गेलं. आता खपत नाही. हवामान बदलाला तोंड देण्याचा आराखडा करायचा असेल, तर तो या वाटांपासून सुरू व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

समुद्राची पातळी वाढतेय, ती चिंता मोठी आहे, पण ती सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरीची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले, त्यांत हे चारही आहेत आणि आपला पन्हाळाही आहे. त्यांच्या तटाला लाटा धडकतात. आपलं पाणी वरून आभाळातून येतं आणि खालून पंचगंगेतून.

आधी वरच्या पाण्याचं सांगतो.

हवेचं तापमान एका अंशानं वाढलं की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद साधारण सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस येतो तेव्हा कमी वेळात जास्त कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. आपल्या दप्तरी मात्र पाऊस मोजला जातो तो दिवसाचा आणि हंगामाचा. गगनबावड्यात किती, शाहूवाडीत किती, सरासरीच्या किती टक्के. धरणासाठी ते आकडे बरोबर आहेत. छपराला त्यांचा उपयोग नाही. छपराला विचारायचं ते एका तासाचं, खरं तर त्या तासातल्या सर्वांत वाईट दहा मिनिटांचं.

एक हिशेब मांडतो. शहरातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं, कचेरीचं किंवा वाड्याचं कौलारू छप्पर घ्या. एका पाखीची लांबी दहा मीटर, रुंदी आठ मीटर धरू, म्हणजे ८० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर या वेगानं पाऊस पडला, तर या एका पाखीवरून तासाला ४,००० लिटर पाणी उतरतं. वेग १०० मिलिमीटर झाला, तर ८,००० लिटर. खाली उतरवायला बहुतेक ठिकाणी एकच चार इंची पाइप असतो. इमारतींच्या पाणी-निचऱ्यासाठी आपल्याकडे जे कोष्टक वापरतात, त्यात १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप ५० मिलिमीटर वेगाच्या पावसात साधारण ८५ चौरस मीटर छप्पर सांभाळतो, आणि १०० मिलिमीटर वेगाच्या पावसात फक्त ४३. म्हणजे ज्यानं तो पाइप बसवला तो अडाणी नव्हता. त्याच्या काळच्या पावसाला तो बरोबर पुरत होता. आज त्याच पाइपाला दुपटीचं काम लागतं, आणि तेही पाइपाच्या तोंडात पिंपळाची पानं, पारव्याचं घरटं आणि एखादी पाण्याची बाटली अडकलेली नसेल तर.

मग उरलेलं पाणी कुठं जातं? बाहेरच्या वळचणीची पन्हळ असेल तर ते ओसंडून अंगणात पडतं. फारसं बिघडत नाही. पण दोन छपरांच्या मधली पन्हळ असेल, किंवा दर्शनी बाजू शोभिवंत दिसावी म्हणून छपराच्या पुढं कठडा उचललेला असेल, तर पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. ते आतल्या बाजूला, थेट भिंतीच्या माथ्यावर चढतं. चार्ल्स मॅन्टनं बांधलेल्या टाउन हॉल किंवा नव्या राजवाड्याच्या तऱ्हेच्या इमारतींत छपरांची अशी गुंतागुंत पुष्कळ असते. ज्या सौंदर्यासाठी आपण पाहुण्यांना तिथं घेऊन जातो, त्याच जागी पावसाचं पाणी कोंडतं.

आता ती भिंत आतून कशी असते ते पाहू. बाहेरून पाहणाऱ्याला ती अखंड दगडाची वाटते. प्रत्यक्षात दोन फुटी भिंतीला दोन तोंडं असतात, बाहेरचं घडीव दगडाचं आणि आतलं ओबडधोबड. मधल्या जागेत दगडांचे तुकडे, चुना, कुठं कुठं नुसती मातीची भर. ही दोन तोंडं एकमेकांना धरून राहावीत म्हणून अधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घातलेले असतात. आपला काळा दगड घट्ट. चांगल्या घट्ट बसाल्टात पाणी जवळजवळ मुरतच नाही. पाणी ये-जा करतं ते सांध्यांतून, चुन्याच्या दरजांतून. भिंतीच्या माथ्यावरून आत शिरलेलं पाणी मधल्या भरीतून झिरपत खाली येतं आणि हळूहळू त्याच दरजांतून वाफ होऊन बाहेर पडतं. ही भिंत भिजणार आणि वाळणार, असं धरूनच ती रचली होती.

या दरजांत आपण सिमेंट भरलं. दगड श्वास घेत नाही, दरज घेत होती, तीच बंद केली. वर पाऊस वाढला आणि खाली भिंतीचं नाक दाबलं. आत अडकलेलं पाणी भरीतला चुना आणि माती धुऊन खाली बसवतं. वरच्या भागात पोकळी होते, खालच्या भागात दाब वाढतो, आणि एखाद्या जुलैत भिंतीचं बाहेरचं तोंड पोट सुटल्यासारखं पुढं येतं. मग पंचनामा होतो आणि कारण लिहिलं जातं, ‘अतिवृष्टीमुळे.’

पापाची तिकटीजवळच्या एका कामावर एका म्हाताऱ्या गवंड्यानं मालकाला सांगितलेलं मला अजून आठवतं. ‘‘सिमेंट भरून देतो मालक, माझं काय जातंय. पण पावसाळ्यात आतनं घाम फुटंल भिंतीला, तवा मला बोलवू नका.’’ मालकांनी सिमेंटच भरून घेतलं. ते स्वस्त पडतं, दुसऱ्या दिवशी कडक होतं आणि फोटोत रेघा सरळ दिसतात.

आता खालचं पाणी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर नदीनं ५५ फूट ओलांडले. १९८९ आणि २००५ चे पूर आठवणारी माणसं म्हणायची, की एवढं पाणी आयुष्यात एखाद्या वेळीच पाहायला मिळतं. मग दोन वर्षांच्या अंतरानं ते दोनदा आलं. यातलं धरणाच्या विसर्गाचं किती, नदीपात्रातल्या भरावाचं किती आणि पावसाचं किती, यावर भांडत बसायला हे पत्र नाही. भिंतीपुरता मुद्दा वेगळा आहे. पहिल्या पुरातली ओल निघायच्या आत दुसरा पूर आला.

शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याचं उदाहरण देतो. मालकांचं नाव, पत्ता देत नाही. खालचा मजला दगड-चुन्याचा, वरचा लाकडी सांगाड्याचा. २०१९ ला तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी चढलं आणि बरेच दिवस राहिलं. पाणी ओसरलं, गाळ काढला, आणि घरात कार्य असल्यामुळं दिवाळीच्या आत भिंती चकाचक हव्या होत्या. ठेकेदारानं जुना चुन्याचा गिलावा पाडला, पाच फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेला सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइलपेंट मारला. दोन महिने भिंत नव्यासारखी दिसली. उन्हाळ्यात सिमेंटच्या पट्ट्याच्या वर, सहा-सात फुटांवर, ओलीची एक नागमोडी रेघ उमटली. पुराचं पाणी तिथवर कधीच आलेलं नव्हतं. भिंतीच्या पोटातली ओल पाच फुटांपर्यंत बाहेर पडू शकेना, म्हणून वर चढली आणि जिथं पहिल्यांदा मोकळा चुना भेटला तिथून बाहेर आली. येताना क्षार घेऊन आली. पाणी उडून गेलं, क्षार तिथंच राहिले, आणि गिलाव्याचा भुगा पडू लागला. आपण त्याला लोणा म्हणतो.

यापुढचं जास्त वाईट होतं. मजल्याच्या तुळया भिंतीत ज्या कोनाड्यांत टेकतात, ते याच उंचीच्या थोडे वर होते. तुळईचं उघडं लाकूड ठणठणीत, पण भिंतीत शिरलेलं वीतभर टोक दोन पावसाळ्यांत मऊ झालेलं. पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत जात होता. २०२१ चा पूर आला तेव्हा वरच्या मजल्यावर पुरातलं सामान रचून ठेवलेलं होतं. मजला उतरला नाही हे नशीब. जीव वाचवायला माणसं ज्या मजल्यावर चढतात त्याच्या तुळया आपण खालच्या गिलाव्यानं कुजवतो, ही गोष्ट आपत्ती व्यवस्थापनाच्या कक्षेतली नाही का?

वाळायला वेळ किती लागतो, याचा ढोबळ हिशेब असा. चिंब भिजलेली जाड भिंत, सगळं नीट असेल तर, महिन्याला साधारण एक इंच या गतीनं आत वाळत जाते. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी वाळली, तर प्रत्येक बाजूला बारा इंच, म्हणजे बारा महिने. हा हिशेब थंड देशांतल्या कामांवरून आलेला आहे. आपला मार्च-एप्रिल त्याहून कोरडा, म्हणून मोकळ्या चुन्याची भिंत थोडी आधी वाळेल. पण ऑगस्टमधल्या पुरापासून पुढच्या जूनपर्यंत हाताशी दहाच महिने आहेत. मोकळी भिंत जेमतेम वाळते, सिमेंट आणि ऑइलपेंट लावलेली वाळूच शकत नाही.

म्हणून पुरानंतर पहिल्या कोरड्या हंगामात भिंतीला काहीही चकचकीत लावू नये, एवढा एक आदेश आपण काढला तरी पुष्कळ वाड्यांचं आयुष्य वाढेल. गाळ ओला असतानाच साध्या पाण्यानं धुऊन काढावा, वाळून कडक झाला की तो निघताना दगडाचा पापुद्रा घेऊन येतो. सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवावी. क्षार फुलून आले की कोरड्या कुंच्यानं झाडून उचलून न्यावेत, धुऊ नयेत, धुतले तर ते विरघळून परत आत जातात. दारं-खिडक्या रोज उघडाव्यात. बळद किंवा तळघर भरलं असेल तर पंप लावून एका दिवसात उपसायची घाई करू नये. बाहेरची जमीन अजून पाण्यानं फुगलेली असते, आतलं पाणी एकदम गेलं की तिचा सगळा रेटा एका बाजूनं भिंतीवर येतो आणि भिंत आत ढासळते. बाहेरचं पाणी उतरेल तसं टप्प्याटप्प्यानं आतलं उतरवावं. पुढच्या उन्हाळ्यात भिंत वाळली की मग चुन्याचा गिलावा. तो दर काही वर्षांनी खराब होईल. होऊ दे. तो झिजतो म्हणून मागचा दगड आणि तुळई वाचते.

भिंत वाळली की नाही हे ओळखायचं कसं? हातात धरायची मीटरं बाजारात मिळतात, पण त्यांतली बरीचशी विजेचा रोध मोजतात, आणि पूर लागलेल्या भिंतीतले क्षारही वीज वाहून नेतात. भिंत वाळली तरी काटा ओलीवरच राहतो. त्यापेक्षा फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावं. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव आलं असेल तर ओल भिंतीतली आहे. दव बाहेरच्या बाजूला असेल तर ती खोलीतल्या हवेची आहे, भिंतीचा दोष नाही. लाकडी हातोडीनं गिलावा ठोकून पाहिला की पोकळ जागा आवाजावरून कळते. भेगा वाढताहेत की जुन्याच आहेत, हे पाहायला भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरनं चिकटवायची आणि बाजूला तारीख लिहायची. काच तडकली तर भिंत हलते आहे. प्रत्येक वॉर्डातल्या कनिष्ठ अभियंत्याला एका दुपारी शिकवता येईल एवढंच हे आहे.

यापेक्षा महत्त्वाची एक मागणी आहे आणि ती थेट आपल्या हातातली आहे. सुतारवाड्यातल्या माणसाला बंधाऱ्यावरचा आकडा ऐकला की आपल्या उंबऱ्याशी पाणी कधी येणार हे कळतं. इमारतींच्या बाबतीत हे ज्ञान कागदावर नाही. हेरिटेज यादीतल्या नदीकाठच्या आणि जयंती नाल्याच्या बाजूच्या प्रत्येक इमारतीच्या जोत्याची पातळी लेव्हल लावून मोजावी आणि ती राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत लिहावी. समजा एखाद्या इमारतीचं जोतं ४७ फुटांशी जुळतं. मग तिच्या नोंदीत सरळ लिहिता येईल, की ४३ ला तळमजल्यावरची कागदपत्रं आणि वस्तू वर न्यायला सुरुवात, ४५ ला विजेचा पुरवठा तोडायचा, ४७ ला जोत्याशी पाणी. नदी दोन फूट चढायला किती तास घेते, याच्या मागच्या पुरांतल्या नोंदी आपल्याच नियंत्रण कक्षात आहेत. त्यावरून हाताशी वेळ किती हेही कळेल.

यात एक मेख आहे. नदीचं पाणी सपाट नसतं, त्याला उतार असतो, आणि शहरात ते नुसतं पात्रातून येत नाही, नाल्यातून उलटं शिरतं, ड्रेनेजच्या चेंबरमधून वर येतं. त्यामुळं नुसत्या लेव्हलवरून काढलेला आकडा फुटा-दीड फुटानं चुकू शकतो. तो सुधारायला २०१९ आणि २०२१ च्या पूररेषांच्या खुणा लागतील. त्या अजून कित्येक भिंतींवर आहेत. पुढच्या रंगकामात जातील. म्हणून हे काम या हिवाळ्यातच व्हावं. शहरात अभियांत्रिकीचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, सर्वेक्षण हा त्यांच्या अभ्यासक्रमातला विषय आहे, आणि मुलांना रस्त्याच्या कडेला खोट्या मोजणीसाठी उभं करण्यापेक्षा ही मोजणी केव्हाही बरी.

पन्हाळ्याचंही थोडं सांगतो, कारण तिथं वरचं पाणी आणि आतलं पाणी एकत्र भेटतात. जुलै २०२१ मध्ये गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. गडाच्या माथ्यावर जांभा आहे. तो भोकाभोकांचा, पाणी सहज पितो. खाली बसाल्टाचे थर, आणि थरांच्या मधे कुठं कुठं लाल, चिकण मातीचा पातळ पट्टा. जांभ्यातून उतरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, पसरतं आणि उताराला घसरायला मोकळं करतं. तटबंदीमागंही पाणी असंच साचतं. तटामागच्या भरावात चार मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं, तर नुसत्या पाण्याचा रेटा तटाच्या प्रत्येक मीटर लांबीमागं आठ टन होतो. उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट. म्हणून कुठल्याही तटाला पाणी बाहेर सोडायची भोकं लागतात. ती पिंपळ-वडाच्या मुळ्यांनी आणि दुरुस्तीतल्या सिमेंटनं बुजली, की नेहमीच्या पावसात तट तग धरतो आणि ढगफुटीसारख्या रात्री कोसळतो. गड पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्यावरचे रस्ते, गटारं आणि बांधकामं दुसऱ्यांकडे. पाण्याला हद्द कळत नाही. माथ्यावरच्या एखाद्या नव्या फरसबंद पार्किंगचं पाणी कुठल्या तटामागं जातं, हे पाहायला सध्या कुणाचीच नेमणूक नाही. जिल्हाधिकारी साहेब, ही सांगड आपणच घालू शकता.

उष्णतेबद्दल दोनच वाक्यं. तापलेल्या गच्चीवर वळवाचा पाऊस पडला, की चुन्याच्या कोब्यावर चढवलेला सिमेंटचा किंवा रसायनाचा पातळ थर सुटतो, पाणी त्याखाली शिरतं आणि वर येऊ शकत नाही. दर मार्चमध्ये गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारला तर ती कमी तापते, आणि हा खर्च कुठल्याही खात्याला परवडतो.

आता पैशांचं आणि वेळेचं. माझ्या मते खरी अडचण पैशाची कमी आणि कॅलेंडरची जास्त आहे. निधी मार्चमध्ये मंजूर होतो, निविदा एप्रिल-मेमध्ये निघते, कार्यादेश हातात पडतो तेव्हा मृग लागलेलं असतं. चुन्याच्या कामाला कोरडी हवा आणि सावकाश पाणी पाजायला काही आठवडे लागतात. भर पावसात ते होतच नाही. मग ठेकेदार सिमेंट वापरतो, कारण त्याला मुदतीत बिल काढायचं असतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, वेळापत्रकच त्याच्या हातात सिमेंट देतं. जुन्या इमारतींच्या कामाचे कार्यादेश दसऱ्याच्या आसपास निघाले, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चुन्याचा हंगाम मिळेल. एप्रिल-मे हा पन्हळी, कौलं आणि पाइप यांचा. निविदेत चुन्याच्या कामाचं दर-विश्लेषण वेगळं असावं, आणि जोत्यापासून पूररेषेपर्यंतच्या दरजांसाठी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालायला सांगावं. नुसता चुना हवेवर वाळून घट्ट होतो, पाण्याखाली तो धुऊन जातो. सुरखी घातलेला ओलीतही धरतो. आपल्या जुन्या विहिरी आणि घाट बांधणाऱ्यांना हे माहीत होतं.

छपरांचं काम याहून सोपं आहे. प्रत्येक पाखीचं क्षेत्रफळ मोजायचं, तासाला १०० मिलिमीटरचा हिशेब धरायचा, आणि जिथं पाइप कमी पडतो तिथं दुसरा द्यायचा. कोंडणाऱ्या प्रत्येक पन्हळीला बाहेरच्या भिंतीतून एक जादा तोटी काढायची, भिंतीपासून फूटभर पुढं आलेली आणि पन्हळीच्या काठापेक्षा थोडी खाली. पाइप तुंबला की तिच्यातून धार पडेल, ती रस्त्यावरच्या माणसालाही दिसेल, आणि भिंत वाचेल. दर्शनी बाजूला ती शोभणार नाही अशी हरकत समितीतून येईल, याची मला कल्पना आहे. मागच्या बाजूला काढा, तांब्याची करा, नक्षीची करा, पण काढा. पन्हळीचं उद्घाटन होत नाही आणि चौकातल्या डिजिटलवर तिचा फोटो लागत नाही, म्हणूनच बहुधा ती राहून जाते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळं शहर रस्त्यावर आलं होतं. आगीला एक रात्र लागते, म्हणून ती दिसते. पाणी तेच काम वीस वर्षं करतं, आणि त्याच्यासाठी कुणी धावून येत नाही.

सगळ्या इमारती कोरड्या ठेवता येणार नाहीत, हेही आपण मोकळेपणी मान्य करावं. घाटाकडच्या काही वाड्यांत दर काही वर्षांनी पाणी येणारच. तिथं पाणी अडवायला भिंती उचलण्यापेक्षा तळमजला भिजायला तयार ठेवावा. विजेचे बोर्ड २०२१ च्या खुणेच्या वर, खाली जिप्सम, प्लायवूड किंवा वॉलपेपर नाही, फरशी दगडाची, गिलावा चुन्याचा, आणि तुळयांची टोकं दर उन्हाळ्यात टोचून पाहायची. अशा मालकांना घरपट्टीत सवलत द्यायची की चुना आणि गवंडी पुरवायचा, हे आपण ठरवा. नुसती नोटीस दिली तर मालक एक तर सिमेंट लावतो किंवा बिल्डरला फोन करतो.

माझ्या मागण्या तशा थोड्या आहेत. जोत्यांच्या पातळ्या आणि पूरखुणांची मोजणी या हिवाळ्यात व्हावी. हेरिटेज यादीतल्या इमारतींत सिमेंटच्या दरजा आणि सिमेंट गिलाव्याला समितीच्या लेखी परवानगीशिवाय बंदी असावी, आणि ही अट निविदेत छापलेली असावी. पुरानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याचा आदेश आधीच तयार ठेवावा, पाणी ओसरल्यावर तो लिहायला कुणाला सवड नसते. आणि मेच्या आढावा बैठकीत बोटींच्या यादीनंतर पन्हळींची यादी यावी, कुठल्या इमारतीची कुणी, कुठल्या तारखेला साफ केली, सहीसकट.

पहिल्या मोजणीसाठी शुक्रवार पेठ आणि उत्तरेश्वर पेठ घ्यावी असं सुचवतो. तिथल्या बऱ्याच घरांतली माणसं पुराची खूण बोटानं दाखवतील. लेव्हलचं यंत्र माझ्याकडे आहे, रविवारी मी मोकळा असतो, आणि माझ्यासारखे आणखी काही जण येतील.

आपला,
एक कोल्हापूरकर बांधकाम अभियंता